भाड्याच्या घरात एसी आणि फळ्या : कोथरूडमधल्या एका परवानगीपत्राचं प्रकरण

भाडेकरार करून देणं आणि करार संपताना डिपॉझिटवरून होणारे वाद मिटवणं, हे माझं रोजचं काम आहे. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यात मालक आणि भाडेकरू दोघंही भली माणसं होती आणि तरीही सुरुवातीला बोलणं फिसकटलं होतं. नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घर कोथरूडमधलं, नव्वदच्या दशकातली चार मजली इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम. मालक निवृत्त शिक्षक, मुक्काम नाशिकला. भाडेकरू लातूरकडचं तरुण जोडपं. करार लिव्ह अँड लायसन्सचा, चोवीस महिन्यांचा, नोंदणीकृत, एक नोव्हेंबरपासून. भाडं २६ हजार, डिपॉझिट ७५ हजार. भाडेकरू बाईंचं काम रात्रपाळीचं, म्हणजे झोप सकाळी नऊनंतरची. बेडरूमची मोठी भिंत पश्चिमेला. मार्च उजाडला तशी दुपारनंतर ती भिंत तापायला लागली आणि संध्याकाळपर्यंत खोलीत बसवेना. त्यांना त्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी हवा होता. शिवाय दुसऱ्या खोलीत पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या.

त्यांनी मालकांना व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवली: ‘काका, आम्ही एसी आणि थोडे शेल्फ लावून घेतोय, जाताना सगळं होतं तसं करून देऊ, चालेल ना?’ तासाभरात उत्तर आलं: ‘नाही. भिंतींना हात लावायचा नाही, असं करारात आहे.’

यावर भाडेकरू चिडले. त्यांच्या एका मित्राने सांगितलं होतं की महाराष्ट्रात एसी लावायला मालकाची परवानगी लागतच नाही, तसं कायद्यात आहे. ते माझ्याकडे आले ते हा कायदा मालकांना पत्राने कळवायचा, या तयारीने.

मित्राचं म्हणणं हवेतलं नव्हतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाला जागेचा ताबा परत कधी मागता येतो त्याची कारणं दिली आहेत. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम उभारलं, हे त्यातलं एक कारण. त्याखालच्या स्पष्टीकरणात पक्क्या बांधकामात काय धरायचं नाही, हेही सांगितलं आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, फॉल्स सीलिंग आणि एसी बसवणं. पण याचा अर्थ एवढाच, की एसी लावला म्हणून पक्कं बांधकाम केलं असं म्हणत त्या कारणाखाली भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही. भिंतीला भोक पाडायची मोकळीक त्यातून मिळत नाही. दुसरं असं, की लिव्ह अँड लायसन्सने राहणारा माणूस या अर्थाने भाडेकरू नसतोच, तो परवानाधारक असतो. त्याचे हक्क मुख्यतः करारातून येतात आणि मुदत संपल्यावर त्याने जागा सोडली नाही तर कलम २४ खाली मालक त्याला काढू शकतो. तोपर्यंतच्या वापराबद्दल दुप्पट दराने पैसेही द्यावे लागतात. हा कलम २४ चा मुद्दा पुढे या प्रकरणात कामाला आला.

मग करार काढला. ऑनलाइन नोंदणीच्या नमुन्यात असतं तेच वाक्य त्यात होतं: मालकाच्या पूर्व लेखी संमतीशिवाय जागेच्या आतल्या किंवा बाहेरच्या रचनेत फेरबदल किंवा भर घालायची नाही. मालकांनी ते ‘हात लावायचा नाही’ असं वाचलं होतं. भाडेकरूंनी ते वाचलंच नव्हतं. खरं तर परवानगी मागायची वाट त्याच वाक्यात आहे आणि ती लेखी हवी, हेही तिथेच आहे. करार नोंदवलेला असला तरी अशा संमतीसाठी तो पुन्हा करावा लागत नाही. मालकाची सही असलेलं पत्र करारासोबत जोडून ठेवायचं.

पत्र लिहिण्याआधी मी मालकांना फोन केला. नकाराचं कारण एसी नव्हता. आधीच्या भाडेकरूने टीव्ही लावायला भिंतीत आठ भोकं पाडली, जाताना त्यात पांढरी पुट्टी भरली आणि क्रीम रंगाच्या भिंतीवर आठ पांढरे ठिपके सोडून गेला. ‘त्यानेही होतं तसं करून देतो म्हटलं होतं,’ काका म्हणाले. पुढे त्यांनी मनातलं एकेक सांगितलं. भोक बीममध्ये गेलं तर? पावसाळ्यात त्यातून पाणी मुरलं तर? एसीचं पाणी खालच्या मजल्यावर टपकलं आणि सोसायटीचं पत्र मला आलं तर? वायरिंग जुनं आहे, ते जळलं तर? आणि हे सगळं मी नाशिकहून बघायचं कसं?

या प्रश्नांची उत्तरं शब्दांनी देऊन भागणार नव्हतं. म्हणून आधी एसी बसवणारा मिस्त्री आणि एक वायरमन घरी नेला, काहीही विकत घेण्याआधी.

बेडरूमला लहानशी गॅलरी आहे आणि तिला फक्त लोखंडी ग्रिल आहे. मिस्त्रीची सवय इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लोखंडी स्टँड ठोकून त्यावर बाहेरचं युनिट टांगायची. दीड टनाचं बाहेरचं युनिट तीसपस्तीस किलोचं असतं. ते तिसऱ्या मजल्यावर लटकवायचं म्हणजे बाहेरच्या भिंतीत जाड बोल्ट, त्यांच्याभोवती पावसाचं पाणी आणि सोसायटीचा आक्षेप, तिन्ही एकदम. तेच युनिट गॅलरीच्या फरशीवर, रबरी पाय असलेल्या स्टँडवर ठेवलं तर बाहेरच्या भिंतीला एकही भोक लागत नाही. अट एवढीच, की गॅलरी काचेने बंद केलेली नको. बंद गॅलरीत युनिटने फेकलेली गरम हवा तिथेच घुटमळते, एसी थंडावा देत नाही आणि बिल मात्र वाढतं. इथे ग्रिलच होतं, त्यामुळे युनिटचा पंखा ग्रिलच्या दिशेने ठेवायचं ठरलं.

राहिलं भोक. बेडरूम आणि गॅलरी यांच्यामधल्या भिंतीतून तांब्याचे दोन पाइप, वायर आणि पाण्याची नळी जायला साधारण अडीच इंची भोक लागतं. भाडेकरूंनी सुचवलं, की गॅलरीच्या दारावरच्या झरोक्याची काच काढून तिथे प्लायचा तुकडा बसवू आणि त्यातून पाइप नेऊ, म्हणजे भिंतीला धक्काच नाही. कल्पना चांगली आहे. बऱ्याच घरांत मी तीच सुचवते, काढलेली काच कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायची आणि जाताना परत बसवायची. पण इथे छताखाली दीड फूट खोल बीम होता. साडेनऊ फुटांच्या छतातून तो वजा केला की आठ फूट उरतात. युनिटच्या वर हवेसाठी सहा इंच सोडावे लागतात, युनिट स्वतः फूटभर उंच. म्हणजे युनिटचा तळ साडेसहा फुटांवर आला आणि झरोका सुरू होतो सात फुटांवर. एसीत साठणारं पाणी उताराने वाहून जातं, ते अर्धा फूट वर चढणार नाही. तसंच लावलं असतं तर पाणी आतल्या भिंतीवरून ओघळलं असतं. त्यामुळे भोक भिंतीतच आणि युनिटच्या तळापेक्षा थोडं खाली घ्यावं लागणार, हे ठरलं.

बीमची भीती मात्र तिथल्या तिथे फिटली. बीम, कॉलम आणि दारखिडकीवरचा लिंटेल सोडून मधल्या भिंतीत मिस्त्रीने बारीक बिटने एक चाचणीचं भोक घेतलं. प्लास्टरची करडी भुकटी संपली आणि लालसर विटेची भुकटी पडायला लागली. नवख्या माणसालाही ही खूण ओळखता येते. लाल भुकटी म्हणजे वीट. भुकटी पांढुरकी आणि ड्रिल लोण्यातून गेल्यासारखं आत गेलं, तर हलक्या सिमेंट ब्लॉकची भिंत. प्लास्टर संपूनही करडी, कठीण भुकटी येत राहिली, ड्रिल अडखळलं किंवा लोखंड लागल्याचा आवाज आला, तर काँक्रीट, तिथे थांबायचंच. हल्लीच्या मिवान पद्धतीच्या उंच इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या असतात आणि त्यात लोखंडी गज असतात. तिथे बिल्डरने एसीच्या पाइपसाठी ठेवलेली जागा वापरायची. ती नसेल तर भिंत कापायची परवानगी मालकाकडे मागूच नये, कारण ती द्यायचा अधिकार एकट्या मालकाचा नसतो.

वायरमनने बेडरूमचे सगळे पॉइंट तपासले. सगळे पंखा आणि दिवे चालवायच्या ताकदीचे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड ते पावणेदोन किलोवॉट वीज घेतो, ती या बारीक वायरीतून तासन्‌तास ओढली तर जोडांपाशी वायर तापते. मुख्य बोर्डपासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, तिला वेगळा २० अँपिअरचा एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग, असं त्याने सांगितलं. भिंत खोदून वायर आत न घालता छताच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून न्यायची, कारण खोदलेली चर पुन्हा भरली तरी तिची रेघ रंगातून दिसत राहते. महावितरणच्या बिलावर मंजूर भार ३ किलोवॉट होता. गिझर २ किलोवॉटचा. दोन्ही एकदम चालले तर भार ओलांडला जाणार. भार वाढवायचा अर्ज वीजजोडणी ज्याच्या नावावर त्यालाच करावा लागतो, म्हणजे काकांनाच. ही मदतही पत्रातच मागायची ठरली.

फळ्यांच्या बाबतीत मी भाडेकरूंना मागे खेचलं. त्यांना तीन फळ्या बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर हव्या होत्या. ती चार इंची भिंत, तिच्या पलीकडे नळाचे पाइप. ते नेमके कुठून गेलेत हे कुणालाच माहीत नाही. एका स्क्रूने पाइप फुटला तर बाथरूमच्या टाइल्स फोडाव्या लागतात. समोरच्या कोरड्या भिंतीवर, स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि खालची पट्टी सोडून, दोनच फळ्या घ्यायच्या ठरल्या. चार फुटी फळी पुस्तकांनी गच्च भरली की वजन सहज तीस किलोच्या वर जातं, म्हणून प्रत्येकीला तीन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन स्क्रू. म्हणजे भिंतीत आठ मिलिमीटरची एकूण बारा भोकं. बाकीची पुस्तकं जमिनीवर उभ्या राहणाऱ्या रॅकवर.

एवढं हातात आल्यावर पत्र लिहिलं. ते जवळजवळ जसंच्या तसं देते:

‘मा. काका, स.न.वि.वि.

आपल्या कोथरूड येथील फ्लॅटमध्ये आम्ही नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहत आहोत. कराराची एकोणीस महिन्यांची मुदत बाकी आहे. करारातील फेरबदलाविषयीच्या अटीनुसार पुढील दोन कामांसाठी आपली लेखी परवानगी मागत आहोत. परवानगी मिळेपर्यंत कोणतेही काम सुरू करणार नाही.

पहिले काम, पश्चिमेकडील बेडरूममध्ये दीड टनाचा एक स्प्लिट एसी. बाहेरचे युनिट गॅलरीच्या फरशीवर राहील, इमारतीच्या दर्शनी भिंतीला काहीही लावले जाणार नाही. बेडरूम व गॅलरीमधील विटेच्या भिंतीत अडीच इंची एकच भोक घेतले जाईल. जागा सोबतच्या फोटोत खुणेने दाखवली आहे. बीम, कॉलम व लिंटेल यांना धक्का लागणार नाही. एसीचे पाणी नळीने गॅलरीतील मोरीत सोडले जाईल. विजेसाठी मुख्य बोर्डपासून स्वतंत्र वायर व एमसीबी परवानाधारक वायरमनकडून भिंतीवरील पट्टीतून घेतले जाईल. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज आपल्या नावे करावा लागेल, त्याचा खर्च आम्ही देऊ.

दुसरे काम, दुसऱ्या खोलीतील पूर्वेच्या भिंतीवर चार फुटी दोन फळ्या, एकूण बारा स्क्रूची भोके. बाथरूमलगतच्या भिंतीला हात लावणार नाही.

दोन्ही कामांचा सर्व खर्च आमचा. एसी व फळ्या आमच्या मालकीच्या राहतील व जाताना आम्ही त्या नेऊ. या खर्चाची भाड्यातून वजावट मागणार नाही.

घर पूर्ववत करून देणे म्हणजे आम्ही पुढील गोष्टी करू: एसी, पाइप, पट्टी व फळ्या काढणे, अडीच इंची भोक दोन्ही बाजूंनी सिमेंटने बुजवणे, स्क्रूची भोके भरणे, आणि ज्या दोन भिंतींवर काम झाले त्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्याच रंगात पूर्ण रंगवून देणे. हे सर्व काम करार संपण्याच्या तीन आठवडे आधी सुरू करून किल्ल्या देण्यापूर्वी पूर्ण करू. त्या वेळी आपल्याला एखादी गोष्ट तशीच ठेवायची असल्यास आपण लेखी कळवावे, ती ठेवून जाऊ.

हे काम आम्ही केले नाही, तर सोबतच्या अंदाजपत्रकानुसार जास्तीत जास्त आठ हजार रुपये आपण डिपॉझिटमधून कापून घ्यावेत, त्यास आमची संमती आहे. काम सुरू असताना पाइप, वायरिंग किंवा शेजाऱ्यांच्या घराचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई वेगळी व पूर्णपणे आमची.

सोबत: दोन्ही खोल्यांच्या भिंतींचे तारखेसह फोटो, भोकाच्या जागेची खूण केलेला फोटो, रंगारी व गवंडी यांचे अंदाजपत्रक, विजेच्या बिलाची प्रत.

आपले नम्र,’

खाली नवराबायको दोघांच्या सह्या, कारण करारावर दोघांची नावं होती.

यातल्या काही गोष्टींवर काकांशी पुन्हा बोलणं झालं. त्यांना आठ हजारांचं वेगळं डिपॉझिट हवं होतं. मी नको म्हटलं. नोंदवलेल्या करारात डिपॉझिटचा आकडा ७५ हजार आहे, त्याच्याबाहेर रोख पैसे घेतले तर उद्या त्यांचा हिशेब कशाच्या आधारे मागायचा, हा प्रश्न उभा राहतो. आहे त्याच डिपॉझिटमधले आठ हजार या कामासाठी राखीव मानले, की आकडा बदलत नाही आणि काकांना हवी ती खात्रीही मिळते. भाडेकरूंनाही फायदा असा, की रंगाच्या नावाखाली अख्खं डिपॉझिट अडवलं जाण्याची वाट बंद झाली.

संपूर्ण भिंत रंगवायच्या वाक्यावर भाडेकरू कुरकुरले. बारा छोट्या भोकांसाठी अख्खी भिंत कशाला? पण त्याच डब्यातला रंग घेतला तरी तीनचार वर्षं ऊन आणि धूळ खाल्लेल्या भिंतीवर तो ठिगळासारखा उठून दिसतो. कोपऱ्यात भिंत वळते तिथे छटेतला फरक डोळ्याला जाणवत नाही, म्हणून रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्यायचा. मागच्या भाडेकरूच्या आठ ठिपक्यांनी दुखावलेल्या माणसाला या एका वाक्याने जितकं आश्वस्त केलं, तितकं बाकीच्या पत्राने केलं नाही.

फोटो काढताना खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली एक तिरकी भेग दिसली. प्लास्टरमधली, जुनी. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून वेगळा फोटो काढला आणि फोटोखाली ‘आधीपासूनची भेग’ असं लिहिलं. दोन वर्षांनी ती एसीच्या भोकामुळे पडली, असं कुणी म्हणू नये म्हणून.

काकांनी पत्राखाली परवानगी लिहून दिली आणि एक अट घातली, काम चालू असताना व्हिडिओ कॉल करायचा. त्यांनी सोसायटीलाही स्वतः अर्ज केला. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्याने कितीही नीट अर्ज लिहिला तरी समिती उत्तर देईल ते मालकालाच. समितीने दोनच गोष्टी सांगितल्या, ठोकाठोकी दुपारी दोन ते चार सोडून करायची आणि पाणी खालच्या गॅलरीत पडता कामा नये.

काम एका दिवसात झालं. भोक घेताना मिस्त्री आतून सरळ आरपार जायला निघाला होता, त्याला थांबवलं. कटर पलीकडून बाहेर पडताना तिकडच्या प्लास्टरचा बशीएवढा पोपडा उडवतो. त्याने आधी बारीक बिटने मधोमध आरपार भोक घेतलं, मग अर्धं आतून आणि अर्धं गॅलरीच्या बाजूने कापलं. बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. भोकात पीव्हीसीच्या पाइपचा भिंतीच्या जाडीएवढा तुकडा बसवून घेतला. एसीचे पाइप त्यातून गेले, त्यामुळे पुढे ते काढताना विटा खरवडल्या जाणार नव्हत्या. कामगार जाण्याआधी पाण्याची बाटली आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये ओतून पाहिली. पाणी मोरीत पडलं, भिंत कोरडी राहिली. काकांनी ते व्हिडिओवर पाहिलं.

आता शेवटाकडे. करार पुढच्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला संपत होता. भाडेकरूंना पुण्यातच दुसरं घर मिळालं होतं आणि त्यांचा बेत होता की सामान हलवून मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगारी लावायचा. तीन आठवडे आधीचं वाक्य इथे उपयोगी पडलं. सिमेंटने भरलेल्या भोकावर काही दिवस पाणी मारावं लागतं, मग ते पूर्ण सुकावं लागतं, त्यानंतरच पुट्टी आणि रंग. ओल्या भरावावर घाईने रंग दिला तर तो फुगून पापुद्रे सुटतात. हे सगळं नोव्हेंबरमध्ये करायचं म्हणजे मुदत संपल्यावर घर अडवून ठेवायचं, आणि कलम २४ मधल्या दुप्पट पैशांचा प्रश्न येतो तो तिथेच.

दहा ऑक्टोबरला एसी काढला. मिस्त्रीने एसी चालू ठेवूनच बाहेरच्या युनिटचा बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह आधी बंद केला, गॅस युनिटमध्ये खेचला गेल्यावर जाड पाइपाचा बंद केला आणि मग एसी थांबवला. असं न करता पाइप सोडले तर सगळा गॅस हवेत जातो आणि नव्या घरी तो पुन्हा भरायचा खर्च येतो.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. नवीन येणाऱ्या कुटुंबालाही एसी हवा होता. त्यांनी भोक आणि विजेची स्वतंत्र लाइन तशीच ठेवायला सांगितली. पत्रात म्हटलं होतं तसं मी ते त्यांच्याकडून लेखी घेतलं, तोंडी सांगण्यावर सोडलं नाही. भोकातल्या पीव्हीसी तुकड्याला दोन्ही बाजूंनी झाकण बसवलं आणि गॅलरीकडची कड सिलिकॉनने बंद केली. बारा स्क्रूची भोकं भरून सुकल्यावर दोन्ही भिंती रंगवल्या.

एकच कुरबूर झाली. फळ्या होत्या ती भिंत रंगवल्यावर शेजारची भिंत मळकी दिसायला लागली आणि काका म्हणाले, तीही रंगवून द्या. मी त्यांना सुरुवातीचे फोटो दाखवले. ती भिंत तेव्हाही तशीच होती आणि तिच्यावर काही काम झालं नव्हतं. राहून जी झीज होते, ती भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. काकांनी फोटो पाहिला आणि तो विषय तिथेच सोडला.

गवंड्याचं काम वाचलं होतं. रंगासाठी ४ हजार ८०० रुपये लागले, ते भाडेकरूंनी रंगाऱ्याला थेट दिले. ३१ तारखेला सकाळी काका नाशिकहून आले, दोन्ही खोल्या पाहिल्या, एमसीबी चालू-बंद करून बघितला आणि मूळ परवानगीपत्राच्या खाली लिहिलं: ‘काम पाहिले. या पत्राबाबत काही येणे-देणे नाही.’ शेवटचं वीजबिल वजा करून उरलेलं डिपॉझिट त्यांनी तिथेच उभ्याउभ्या मोबाइलवरून खात्यात जमा केलं.